थर्मल चित्रातला लाल ठिपका वाचताना: पॅनेलमधली उष्णता नेमकी कुठून येते?

तीन फेजच्या एका वितरण पॅनेलचं थर्मल चित्र समोर आहे असं समजा. मधल्या एमसीसीबीच्या, म्हणजे मोठ्या सर्किट ब्रेकरच्या, खालून तीन केबल निघाल्या आहेत. आर आणि बी फेजच्या केबल जांभळट, म्हणजे थंड बाजूच्या रंगात आहेत. वाय फेजच्या केबलवर लगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या, अगदी खाली, जिथे काळी स्लीव्ह चढवली आहे तिथे, पिवळा-पांढरा डाग आहे. मात्र त्या स्लीव्हच्या वरचा लग आणि त्याचा बोल्ट निळसर दिसतोय. नवखा माणूस चित्र बघून लिहितो: ‘वाय फेजची केबल तापते आहे, केबल बदला.’ केबल बदलली जाते, नवा लग पूर्वीसारखाच दाबला जातो आणि महिन्याभरात तोच डाग तिथेच परत उमटतो.

दोष केबलमध्ये नसतोच, तो त्या निळ्या दिसणाऱ्या लगमध्ये असतो. थर्मल चित्रात सर्वांत तेजस्वी दिसणारी जागा आणि उष्णता जिथे निर्माण होते ती जागा एकच असेल असं नाही. या लेखात मी फक्त पॅनेलमधल्या जोडांबद्दल लिहिणार आहे, कारण थर्मल कॅमेरा भरपूर वापरला जातो तो इथे आणि बराच फसवतोही इथेच. वाचनाची जी पद्धत पुढे येईल ती मोटरच्या बेअरिंगला किंवा खोलीच्या भिंतीलाही लागू पडते. तिथे कारणं तेवढी वेगळी असतात.

कॅमेरा काय मोजतो आणि काय मोजत नाही

थर्मल कॅमेरा तापमान मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारं अवरक्त प्रारण तो टिपतो, बहुतेक कॅमेऱ्यांत साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचं, आणि त्यावरून तापमानाचा हिशोब मांडतो. हे प्रारण दोन वाटांनी येतं. काही भाग वस्तू स्वतः उत्सर्जित करते आणि काही भाग आजूबाजूच्या वस्तूंचा, तिच्यावरून परावर्तित झालेला असतो. वस्तू स्वतः किती चांगलं उत्सर्जन करते ते सांगणारा आकडा म्हणजे एमिसिव्हिटी. तो ० ते १ च्या दरम्यान असतो. रंगवलेला पत्रा, प्लास्टिक, रबर, काळी इन्सुलेशन टेप यांची एमिसिव्हिटी ०.९ ते ०.९५ च्या आसपास असते. चकचकीत तांबं, ॲल्युमिनियम किंवा कल्हई केलेला लग यांची ती ०.१ किंवा त्याहूनही कमी असते.

म्हणजे नवा कल्हईचा लग कॅमेऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ आरसा आहे. तो कितीही तापला तरी कॅमेऱ्याला त्याच्यात प्रामुख्याने समोरच्या भिंतीचं किंवा उघड्या दाराचं तापमान दिसतं. त्याला लागून असलेली काळी स्लीव्ह मात्र आपलं तापमान प्रामाणिकपणे दाखवते. लगमध्ये तयार झालेली उष्णता तांब्यातून स्लीव्हखाली शिरते आणि चित्रात डाग स्लीव्हवर उमटतो. सुरुवातीच्या चित्राचं रहस्य एवढंच आहे.

मग कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी ०.१ टाकली की खरं तापमान मिळेल ना? नाही मिळत. समजा आजूबाजूचं तापमान ३४ अंश आहे आणि कॅमेऱ्याला लग त्याहून ४ अंशांनी गरम भासतो. ढोबळ हिशोबाने, एमिसिव्हिटी ०.१ धरली तर खरी वाढ ४० अंशांची आणि लग ७४ अंशांवर. एमिसिव्हिटी ०.०७ धरली तर वाढ ५७ अंशांची आणि लग ९१ अंशांवर. या दोहोंतली कोणती खरी हे नजरेने सांगता येत नाही. त्यात परावर्तित तापमानाचा अंदाज एका अंशाने चुकला की उत्तर आणखी दहा अंशांनी हलतं. म्हणून चकचकीत धातूवरचा आकडा मी अहवालात लिहीत नाही. त्या धातूला चिकटलेल्या इन्सुलेशनवरचा, जुन्या काळवंडलेल्या भागावरचा किंवा आधीच लावून ठेवलेल्या टेपच्या तुकड्यावरचा आकडा घेतो.

चित्र काढण्याआधी

आधी सुरक्षितता. थर्मल तपासणी चालू पॅनेलवर, दार उघडून करावी लागते, कारण काच आणि ॲक्रिलिकमधून हे प्रारण आरपार जात नाही. दारावरच्या पारदर्शक खिडकीतून कॅमेरा रोखलात तर फक्त त्या खिडकीचं तापमान कळेल. (अवरक्त प्रारण जाऊ देणाऱ्या खास खिडक्या मिळतात. त्या असतील तर दार न उघडता काम होतं.) चालू पॅनेलचं झाकण काढण्याचं काम अधिकृत, प्रशिक्षित इलेक्ट्रिशियनचं आहे, तेही आर्क फ्लॅशपासून संरक्षण देणारे कपडे आणि फेस शील्ड घालून. कॅमेरा धरणाऱ्याने मागे उभं राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. चालू लगवर टेप चिकटवण्याचा मोह तर मुळीच नको. टेप लावायची ती वीज बंद करून, खात्री केल्यावरच.

दुसरी गोष्ट लोड. जोडाच्या रोधातून तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते:

```
P = I² × R
```

प्रवाह निम्मा असेल तर उष्णता पावच होते. अर्ध्या लोडवर जेमतेम कोमट दिसणारा जोड पूर्ण लोडवर जळू शकतो. म्हणून नेहमीच्या सर्वाधिक लोडवर, निदान सर्किटच्या क्षमतेच्या ४० टक्के तरी प्रवाह वाहत असताना तपासणी करावी. हा प्रवाह निदान अर्धा-एक तास स्थिर असावा. मोठ्या बसबारला तापायला याहूनही जास्त वेळ लागतो. प्रत्येक फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून लिहून ठेवा. हा आकडा नसेल तर नंतर त्या चित्रावरून कारण ठरवता येणार नाही. मीटर ट्रू आरएमएस प्रकारचा असावा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक लोडवर तो चुकीचा आकडा दाखवतो.

दार उघडल्यावर रेंगाळू नका. आतली गरम हवा बाहेर पडते, बाहेरचा वारा आत येतो आणि छोटे जोड काही मिनिटांत निवायला लागतात. पंखा किंवा वाऱ्याचा झोत थेट पॅनेलवर येत असेल तर जोड आहे त्याहून बराच थंड दिसतो. चित्रात याची खूणही नसते, त्यामुळे झोताची नोंद वहीतच करावी लागते.

चित्र काढताना

अंतराचं गणित एकदा नीट समजून घ्या. १६० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा असेल आणि त्याच्या दृष्टिक्षेत्राचा कोन २४ अंश असेल, तर १ मीटरवरून एक पिक्सेल साधारण २.७ मिलिमीटरचा होतो. तापमान विश्वासाने मोजण्यासाठी निदान ३ बाय ३ पिक्सेल त्या वस्तूवर पडायला हवेत, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर. तोच कॅमेरा ३ मीटरवर नेला की ही मर्यादा २४ मिलिमीटरवर जाते. मग ८ मिलिमीटरच्या टर्मिनल स्क्रूचं तापमान म्हणून जो आकडा दिसतो तो स्क्रूचा आणि भोवतालच्या थंड भागाचा मिळून सरासरी असतो. तापलेला स्क्रू त्यामुळे निरुपद्रवी वाटतो. सुरक्षित अंतर सोडून जवळ जाता येत नसेल तर टेलिफोटो लेन्स वापरा, नाहीतर ‘दोष दिसतो, आकडा कमी भरतो आहे’ असं स्पष्ट लिहा.

फोकस जागेवरच नीट करा. प्रत्येक पिक्सेलचं मोजमाप साठवणाऱ्या रेडिओमेट्रिक फाइलमध्ये एमिसिव्हिटी, परावर्तित तापमान, रंगसंगती आणि तापमानाची कक्षा नंतर बदलता येते, पण अंधुक चित्र नंतर कोणीही स्पष्ट करू शकत नाही. अंधुक चित्रात टोकाचं तापमान आजूबाजूला पसरतं आणि आकडा खाली येतो.

अगदी समोरून चित्र घेतलं तर चकचकीत भागांत तुमच्याच शरीराची उष्णता उमटते. थोडं बाजूला उभं राहा, पण फार तिरपंही नको. लंबरेषेपासून सुमारे ५० ते ६० अंशांपलीकडे गेलात की प्लास्टिक-रंगाचीही एमिसिव्हिटी घसरू लागते.

आता रंगांबद्दल. कॅमेरा स्वयंचलित कक्षेवर असेल तर दृश्यातली सर्वांत गरम जागा तो पांढरी आणि सर्वांत थंड जागा काळी करतो. फरक ३ अंशांचा असो की ६० चा, चित्र तितकंच भडक दिसतं. ३६ अंशांची अगदी निरोगी केबल लाल दिसते म्हणून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. याच्या उलटही होतं. दृश्यात एखादा हीटर किंवा ड्राइव्हचा हीटसिंक आला की सगळी रंगपट्टी तोच खातो आणि शेजारचा २० अंशांनी तापलेला जोड एकसारख्या निळ्यात बुडून जातो. म्हणून कक्षा हाताने ठरवा. पॅनेलच्या आतलं तापमान ३४ अंश असेल तर ३० ते ७० अशी ठेवा आणि त्या पॅनेलची सगळी चित्रं त्याच कक्षेत काढा. मग दोन चित्रांतल्या रंगांची तुलना करण्याला अर्थ राहतो. प्रत्येक थर्मल चित्रासोबत त्याच कोनातून साधा फोटो घ्यायचाही विसरू नका.

पहिला प्रश्न: डाग खरा आहे का?

डाग दिसला की कॅमेरा डोळ्यासमोर ठेवूनच एक पाऊल डावीकडे सरका, मग उजवीकडे. परावर्तन असेल तर डाग तुमच्याबरोबर सरकतो किंवा नाहीसा होतो. खरी उष्णता जागची हलत नाही. हे इतकं सोपं असूनही वगळलं जातं आणि मग दिव्याचं किंवा शेजारच्या गरम पाइपचं बसबारमधलं प्रतिबिंब ‘गंभीर दोष’ म्हणून अहवालात शिरतं.

आणखी एक फसवणूक भोकांची आणि खाचांची. चकचकीत बसबारमधलं बोल्टचं भोक, दोन पट्ट्यांमधली फट किंवा खोल स्क्रूची खाच आसपासच्या धातूपेक्षा तेजस्वी दिसते. खाचेत प्रारण अनेकदा उसळून बाहेर पडतं, त्यामुळे तिची परिणामी एमिसिव्हिटी जास्त असते. असा ठिपका तिथे जास्त उष्णता असल्याचं सांगत नाही. उलट ती फट बसबारचं खरं तापमान दाखवत असते आणि भोवतालचा धातू ते लपवत असतो. मला अशी फट सापडली की बरं वाटतं, कारण न मागता मोजायची एक जागा मिळते.

दुसरा प्रश्न: कोणाच्या तुलनेत गरम?

तीन फेजचा मोठा फायदा असा की तुलनेला एकसारखे तीन भाग शेजारी शेजारी मिळतात. त्याच बनावटीचा, तेवढाच प्रवाह वाहणारा शेजारी जोड हाच सर्वांत चांगला मापदंड. इथे लोडची नोंद उपयोगी पडते. वाय फेज गरम आहे आणि तिच्यातून प्रवाहही दीडपट जातो आहे, तर तो जोडाचा दोष नसून असमतोल लोड असण्याची शक्यता जास्त.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. तीन पोलच्या एमसीसीबीत मधला पोल दोन गरम शेजाऱ्यांच्या मध्ये कोंडलेला असतो, त्यामुळे तो काही अंश जास्त गरम असणं स्वाभाविक आहे. मधला पोल २-३ अंशांनी गरम दिसला तर शेजारच्या तशाच एमसीसीबीचा मधला पोल बघा. तिथेही तोच फरक असेल तर दोष शोधत बसू नका. कॉन्टॅक्टरची कॉइल, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, थर्मल ओव्हरलोड रिले हेही आपल्या स्वभावानेच गरम असतात.

तिसरा प्रश्न: उष्णता कुठल्या दिशेने ओसरते?

माझ्या मते सगळं निदान या प्रश्नावर अवलंबून आहे. उष्णता उगमापासून दूर जाताना कमी होत जाते. डागापासून केबलच्या लांबीवर एक रेघ ओढा (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रेषेवरचं तापमान दाखवण्याची सोय असते) आणि तापमान कसं बदलतं ते बघा.

केबल लगपाशी सर्वांत गरम असेल आणि हातभर अंतरात तापमान ओसरून इतर फेजच्या बरोबरीला येत असेल, तर उगम जोडात आहे. ढिला बोल्ट, गंजलेला किंवा ऑक्साइड चढलेला पृष्ठभाग, चुकीच्या साच्याने दाबलेला लग, कापले गेलेले तंतू, यांपैकी काही. ॲल्युमिनियमच्या केबल थेट तांब्याच्या टर्मिनलवर बसवल्या असतील तर संशय आणखी वाढतो. ॲल्युमिनियमवर वीज वाहू न देणारा ऑक्साइडचा थर चटकन बसतो आणि दाबाखाली तो धातू हळूहळू सरकून जोड सैल होतो.

केबल पूर्ण लांबीभर सारखीच गरम असेल आणि जोडापाशी वेगळा उंचवटा नसेल, तर प्रवाहच जास्त आहे किंवा केबलचं आकारमान कमी आहे. तिन्ही फेज अशा असतील तर ओव्हरलोड. एकच असेल तर असमतोल. न्यूट्रल अशी तापलेली असेल तर तिचा प्रवाह मोजा. संगणक, एलईडी दिवे, एका फेजवर चालणारे ड्राइव्ह अशा लोडमधून येणारे तिसरे हार्मॉनिक तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिसळून वाढतात. त्यामुळे फेज समतोल असूनही न्यूट्रल तापते.

एमसीसीबीचं पुढचं प्लास्टिक एका पोलवर गरम असेल आणि त्याच पोलच्या वरच्या व खालच्या दोन्ही टर्मिनलकडे उष्णता ओसरत जात असेल, तर उगम आत आहे, म्हणजे झिजलेले किंवा काळवंडलेले कॉन्टॅक्ट. बाहेरचे बोल्ट आवळून याला काही उपयोग नाही. प्लास्टिकच्या बाहेर दिसणारे ८-१० अंश हे आतल्या बऱ्याच मोठ्या तापमानाची फक्त सावली असते, तेव्हा इथे फरक लहान असला तरी मी जास्त गांभीर्याने घेतो.

फ्यूजचंही असंच. एका टोकाची क्लिप गरम आणि दुसरं टोक थंड, तर क्लिपची पकड ढिली. मधला भाग गरम आणि दोन्ही टोकांकडे ओसरणारा, तर फ्यूजमधून भरपूर प्रवाह जातो आहे, आणि ते कदाचित नेहमीचंच असेल. तीन फ्यूजपैकी एक पूर्ण थंड दिसला तर आनंद मानू नका. तो उडालेला असू शकतो आणि उरलेल्या दोन फेज त्याचा भार वाहत असतील. थंड डागही तितक्याच काळजीने वाचा.

क्वचित डाग ना तारेवर असतो ना टर्मिनलवर, तर पोलादी ग्लँड प्लेटवर. एकाच फेजची केबल पोलादी भोकातून एकटी गेली की त्या पोलादात चुंबकीय प्रेरणेने एडी प्रवाह फिरतात आणि प्लेट तापते. तिन्ही फेज एकाच भोकातून नेणं किंवा प्लेट ॲल्युमिनियमची करणं हा त्यावरचा उपाय.

एक प्रकरण आकड्यांसह

आता सुरुवातीच्या चित्राकडे परत. केबल २५ चौरस मिलिमीटर तांब्याची, पीव्हीसी इन्सुलेशनची. सर्किटचा सर्वाधिक लोड ९० अँपिअर. तपासणीच्या वेळी प्रवाह आर फेजमध्ये ६१, वाय ६०, बी ५९ अँपिअर. पॅनेलच्या आतली हवा ३४ अंश. कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी ०.९५.

स्लीव्हवरचं तापमान: आर ४१, वाय ६३, बी ४१ अंश. वाय फेजचा चकचकीत लग ३८ अंश दाखवतो आहे.

बाजूला सरकून पाहिलं, डाग जागचा हलला नाही, म्हणजे तो खरा. प्रवाह तिन्हींत जवळजवळ सारखे, म्हणजे असमतोल नाही. वाय मधला पोल आहे, पण शेजारच्या एमसीसीबीत मधल्या पोलचा फरक फक्त २ अंश आहे, इथे २२. मग वाय केबलवर रेघ ओढली. स्लीव्हपाशी ६३, तिथून १० सेंटिमीटरवर ५४, २० सेंटिमीटरवर ४८, ४० सेंटिमीटरवर ४३. म्हणजे हातभर अंतरात ही केबल बाकी दोघींच्या रांगेत येऊन बसते. केबल निर्दोष आहे आणि उष्णता वरून तिच्यात उतरते आहे.

वर आहे लग. तो ३८ दाखवतो, पण ६३ अंशांच्या स्लीव्हला चिकटलेला, तांब्याने सलग जोडलेला धातू ३८ अंशांवर असूच शकत नाही. हा विरोधाभास दिसला की चकचकीत भागाचा आकडा बाद करायचा. एमसीसीबीच्या पुढच्या प्लास्टिकवर वाय पोल इतरांहून ४ अंशच गरम आहे आणि ती उष्णता खालच्या टर्मिनलकडून वर येताना दिसते. वरचं टर्मिनल इतर फेजइतकंच आहे. म्हणजे कॉन्टॅक्टवरचा संशय मिटला. उरला खालचा जोड: लगचा बोल्ट किंवा लगचा दाबलेला गळा. या दोनांतला नेमका कोणता हे चित्रावरून सांगता येत नाही आणि तसं सांगण्याचा आव आणू नये.

किती तातडीचं?

विद्युत चाचणीच्या क्षेत्रात प्रचलित असलेल्या, नेटा या अमेरिकी चाचणी संघटनेच्या निकषांनुसार, सारख्या लोडवरच्या सारख्या दोन भागांतला फरक १ ते ३ अंश असेल तर दोषाची शक्यता आहे, तपास करा. ४ ते १५ अंश असेल तर दोष बहुधा आहे, सवडीने दुरुस्त करा. १५ च्या वर गेला तर मोठा दोष, ताबडतोब दुरुस्त करा. आपला फरक २२.

पण हे ६० अँपिअरला. ९० अँपिअरला काय होईल? तापमानातली वाढ प्रवाहाच्या गुणोत्तराच्या साधारण १.६ ते २ या घातानुसार वाढते. वर्ग पूर्ण लागू होत नाही, कारण गरम वस्तू हवेला जास्त वेगाने उष्णता देते.

```
dT2 = dT1 × (I2/I1)^n      n = 1.6 ... 2
29 × (90/60)^1.6 = 55
29 × (90/60)^2   = 65
```

हवेच्या वर आत्ता २९ अंशांची वाढ आहे, ती ५५ ते ६५ होईल. ३४ अंश हवेत स्लीव्ह ८९ ते ९९ अंशांवर पोचेल. पीव्हीसी इन्सुलेशनसाठी वाहकाची सततची मर्यादा ७० अंश आहे. म्हणजे पूर्ण लोडच्या दिवशी इन्सुलेशन कडक होणार, तडकणार. शिवाय आपण मोजतो आहोत ते इन्सुलेशनच्या बाहेरून, आतलं तांबं याहून गरमच आहे. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, पण लोड लगेच कमी करा आणि पहिल्या संधीला सर्किट बंद करा असं ठामपणे सांगायला तो पुरेसा आहे.

बंद केल्यावर

वीज तोडा, कुलूप लावा, विद्युतदाब नसल्याची मीटरने खात्री करा. काहीही आवळण्याआधी मायक्रोओहम मीटरने तिन्ही फेजचा रोध मोजा, आधी टर्मिनलपासून लगच्या पट्टीपर्यंत, मग पट्टीपासून केबलच्या तांब्यापर्यंत. हा क्रम मोडू नका. आधी बोल्ट आवळला तर पुरावा नाहीसा होतो.

आपल्या प्रकरणात बोल्टचा जोड तिन्ही फेजमध्ये सारखा निघाला. लगच्या गळ्यातून मात्र आर आणि बीमध्ये सुमारे ०.१ मिलिओहम, तर वायमध्ये ०.८५. ६० अँपिअरला हिशोब केला तर निरोगी गळ्यात ०.३६ वॉट आणि या गळ्यात जवळपास ३ वॉट. तीन वॉट ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण बोटाएवढ्या धातूतून ते सतत निघत असतात आणि निसटायला वाट म्हणजे ती केबल आणि ते टर्मिनल एवढीच. म्हणूनच केबल वरून खाली तापत गेलेली दिसली.

लग कापून उघडला तर साच्याचे ठसे उथळ, आतले तंतू मोकळे आणि काळपट. म्हणजे क्रिम्पिंग मोठ्या मापाच्या साच्याने झालं होतं. बोल्ट कितीही आवळला असता तरी या दोषाला हात लागला नसता. उलट प्रमाणाबाहेर आवळल्याने टर्मिनलचे आटे जाण्याची भीती असते.

दुरुस्ती अशी: काळवंडलेला भाग कापून ताज्या, चमकदार तांब्यापर्यंत जा, योग्य मापाचा लग योग्य साच्याने दाबा, एमसीसीबीच्या उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचने बोल्ट बसवा. केबल लांबीला अपुरी पडली तर ओढून ताणून बसवू नका, तो ताण नवीन जोड सैल करतो. आणि पॅनेल बंद आहे तोवर तिन्ही लगच्या गळ्यांवर तापमान सोसणाऱ्या काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक छोटा तुकडा घट्ट चिकटवा. पुढच्या तपासणीत कॅमेरा त्या आरशावर नव्हे तर टेपवर रोखायचा.

लोड सुरू करून तासाभराने, आधीच्याच कोनातून, त्याच ३० ते ७० च्या कक्षेत पुन्हा चित्र घ्या. ६१ अँपिअरला स्लीव्हवर आर ४१, वाय ४३, बी ४१. वायमधले वरचे २ अंश मधल्या पोलचे, शेजारच्या एमसीसीबीत होते तेवढेच. दोन्ही चित्रं, तिन्ही प्रवाह आणि हवेचं तापमान एकाच पानावर लावून ठेवा. पुढच्या वेळी हाच पॅनेल उघडाल तेव्हा तुलनेला तेच पान लागेल.